सळसळ, सरसर आणि स्विश-अ-स्वॉश: एक गोष्ट तीन भाषांत लिहिताना

छोट्या मुलांसाठी चोवीस पानांची एक यमकांची गोष्ट मी मराठीत लिहिली होती. झाडावरचं एक पान सुटतं, वाऱ्याबरोबर भटकतं, वाटेत कुणाकुणाला भेटतं आणि शेवटी पाण्याच्या डबक्यात पडून एका मुंगीची नाव होतं. गोष्टीत सहा वेळा एकच पालुपद येतं. चित्रं तयार झाल्यावर हीच गोष्ट हिंदीत आणि इंग्रजीतही करायचं ठरलं. पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे. सगळ्या पुस्तकाचं सांगत नाही, फक्त त्या पालुपदाचं सांगते, कारण माझा निम्म्याहून जास्त वेळ त्या दोन ओळींनीच खाल्ला.

मराठी ओळी अशा होत्या:

सळसळ सळसळ पान पळालं,
वाऱ्यासंगे दूर निघालं.

आधी या ओळी नक्की काय करतात ते कागदावर उतरवा. मी ते केलं नाही, थेट हिंदी लिहायला बसले आणि आठवडा वाया घालवला. नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा चार गोष्टी सापडल्या. ओळीची सुरुवात पानाच्या आवाजाने होते आणि तो आवाज लागोपाठ दोनदा येतो. त्या आवाजातला ‘ळ’ पुढे ‘पळालं’मध्ये परत ऐकू येतो, म्हणजे आवाज नुसता सुरुवातीला न राहता क्रियापदात झिरपतो. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे: ह्रस्वाची एक, दीर्घाची दोन धरली तर ‘सळसळ’ चार, पुन्हा चार आणि ‘पान पळालं’ आठ. चौथी गोष्ट, पान खुशीत आहे. ते हरवलेलं नाही, फिरायला निघालं आहे.

यातली कोणती गोष्ट जपायची आणि कोणती सोडायची हे ठरवणं म्हणजेच हे काम. शब्द जपायचे नसतात. ‘वाऱ्यासंगे’ हा शब्द गेला तरी चालेल, पण दोनदा येणारा आवाज, त्याचं पुढे झिरपणं, ताल आणि पानाचा मूड गेला तर गोष्ट दुसरीच होईल.

हिंदीत पहिलाच अडसर ‘ळ’चा. प्रमाण हिंदीत हा आवाज नाही, इंग्रजीतही नाही. आपली कितीतरी गोड पालुपदं याच अक्षरावर उभी असतात: सळसळ, खळखळ, झुळझुळ, चुळबुळ. ‘ळ’च्या जागी नुसता ‘ल’ ठेवला तर ‘सलसल’ होतं आणि हिंदी मुलाला ते काहीच सांगत नाही. हिंदीत पानांचा आवाज दोन तऱ्हांनी येतो: वाळलेल्या पानांची ‘खड़खड़’ आणि हलकी ‘सरसर’. चित्रातलं पान पिवळं होतं, म्हणून आधी ‘खड़खड़’ घेतलं. मोठ्याने वाचल्यावर ते पान रात्री खिडकीबाहेर वाजावं तसं भीतीदायक वाटलं. ‘सरसर’वर आले आणि मग ‘र’ पुढे न्यायचा म्हणून क्रियापद शोधलं ते ‘सरका’:

सरसर सरसर पत्ता सरका,
रस्ता भूला अपने घर का.

किती आनंद झाला होता! सोळा मात्रा, ‘सरका’ आणि ‘घर का’ हे नेमकं यमक, शिवाय ‘सर’ पाचदा. माझ्या चित्रकार मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, पण माझं पान तर हसतंय!” खरंच होतं. मराठीतलं पान फिरायला निघालं होतं आणि माझं हिंदी पान घराचा रस्ता चुकलं होतं. सहा वेळा येणारी ओळ सहा वेळा ‘हे बिचारं हरवलंय’ म्हणणार आणि चित्र प्रत्येक वेळी ते खोटं पाडणार. यमक चांगलं सापडलं की माणूस अर्थाकडे पाहत नाही, म्हणून प्रत्येक नवी ओळ चित्रासमोर धरून वाचायची सवय लावून घ्या.

दुसरी ओळ बदलायची ठरली. ‘घर का’ ऐवजी ‘भर का’ घेतलं आणि ‘सैर को निकला दुनिया भर का’ असं लिहिलं. हे वाचून ज्यांची मातृभाषा हिंदी आहे अशा एका ताईंनी पेन्सिलीने ‘सैर’खाली रेघ मारली. सैर स्त्रीलिंगी, तिला ‘की’ लागणार. आणि ‘की’ लावला की ‘सरका’शी यमक तुटणार. आपल्याला हिंदी येते या भरवशावर लिंगाची चूक अगदी सहज होते, कारण ओळ कानाला बरोबर वाटत असते. शेवटी पुल्लिंगी शब्द शोधला:

सरसर सरसर पत्ता सरका,
मज़ा लूटने दुनिया भर का.

मात्रा मोजल्या, सोळा. पान परत हसायला लागलं.

हिंदीबद्दल आणखी एकच सांगते. वर्तमानकाळात लिहिलं की ओळीच्या शेवटी ‘है’ येऊन बसतो. ‘चलता है’ आणि ‘गाता है’ यांत ‘है’ जुळला म्हणून यमक झालं असं मानू नका, यमक त्याच्या आधीच्या शब्दात लागतं. मराठीत हाच आळस ‘ला-ली-लं’च्या बाबतीत होतो. ‘पळालं’ आणि ‘बसलं’ यांत फक्त प्रत्यय जुळतो, ऐकायला ते लंगडं लागतं. ‘पळालं’ आणि ‘निघालं’ यांत ‘लं’च्या आधीचा ‘आ’ही जुळतो.

इंग्रजीत मात्रा मोजून उपयोग नाही. तिथे ओळ आघातांवर चालते: शब्दातल्या एका जागी जोर पडतो आणि मधली अक्षरं कमी-जास्त असली तरी भराभर उरकली जातात. पण चांगली गोष्ट अशी की आपली सोळा मात्रांची ओळ टाळ्या वाजवत म्हटली की चार-चार मात्रांवर एक याप्रमाणे चार टाळ्या पडतात आणि इंग्रजी बालकवितेची ओळही बऱ्याचदा चार आघातांची असते. म्हणजे तिन्ही भाषांत चार टाळ्या हे माप मला धरता आलं.

सुरुवातीला मी ओळीच्या शेवटी ‘लीफ’ ठेवलं, कारण मराठीच्या सवयीने मुख्य पात्र यमकात यावं असं वाटत होतं. ‘लीफ’ला यमकं कोणती? थीफ, ग्रीफ, ब्रीफ. दोन मसुद्यांत माझ्या गोष्टीत खरोखर एक चोर शिरला होता. ज्या शब्दाला यमकं कमी, तो ओळीच्या मध्ये सरकवायचा आणि शेवटी ‘डे’, ‘अवे’, ‘स्काय’ यांच्यासारखा भरपूर सोबती असलेला शब्द आणायचा.

त्यानंतरची चूक मला फार शिकवून गेली. एका कडव्यात मी ‘बिलो’ आणि ‘येलो’ यांचं यमक जुळवलं. देवनागरीत लिहून पाहा, अगदी चोख दिसतं. पण ‘बिलो’मध्ये जोर शेवटच्या अक्षरावर आणि ‘येलो’मध्ये पहिल्यावर. इंग्रजी कानाला हे यमकच वाटत नाही. आपण मराठी माणसं सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने बोलतो, त्यामुळे ही चूक आपल्याला ऐकूच येत नाही. माझा उपाय असा: ओळीतल्या जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची, शंका आली की शब्दकोशात आघाताची खूण पाहायची आणि टाळी त्या रेघेवरच पडते का ते बघायचं.

इंग्रजीतला आवाज ठरवताना एक खुबी सापडली. आपल्याकडे ‘सळसळ’सारखा शब्द जसाच्या तसा दुमडतो. इंग्रजीत दुमडताना स्वर बदलायची ओढ असते आणि बहुधा ‘इ’ आधी, ‘ॲ’ किंवा ‘ऑ’ नंतर: टिक-टॉक, झिग-झॅग, डिंग-डाँग. म्हणून ‘स्विश-स्विश’ऐवजी ‘स्विश-अ-स्वॉश’ केलं. लीफ हे पानाचं नावच ठेवलं, म्हणजे आधी ‘द’ किंवा ‘अ’ लावायला नको.

स्विश-अ-स्वॉश, स्विश-अ-स्वॉश, लीफ स्लिप्स अवे,
ऑफ विद द विंड फॉर द होल ऑफ द डे.

टाळ्या पहिल्या ओळीत दोन्ही ‘स्विश’वर, ‘लीफ’वर आणि ‘अवे’च्या ‘वे’वर. दुसरीत ‘ऑफ’, ‘विंड’, ‘होल’, ‘डे’. ‘ळ’ गेला, पण ‘स’चा सरपटता आवाज ‘स्लिप्स’मध्ये झिरपला आणि ‘व’चा वारा ‘विंड’पर्यंत गेला.

आता पुस्तकाचं शेवटचं पान. पान पाण्यात पडतं तेव्हाही मी मूळ मराठीत ‘सळसळ’च ठेवलं होतं. हिंदी करताना त्याच ताईंनी विचारलं, “पानी में सरसर क्यों?” तेव्हा मूळ गोष्टीतलीच चूक दिसली. भाषांतर करताना मूळ लेखन परत उघडायला लाजू नका, लेखिका तुम्हीच असाल तर नक्कीच नाही. मराठी शेवट असा झाला:

डुलुडुलु डुलुडुलु नाव निघाली,
मुंगीबाई राणी झाली.

इथे मराठीने आपणहून एक भेट दिली. पाच वेळा ‘निघालं’ ऐकलेलं मूल सहाव्या वेळी ‘निघाली’ ऐकतं. पानाची नाव झाली हे नपुंसकलिंगाचं स्त्रीलिंग होण्यातच कळतं. हिंदीतही ‘पत्ता’ पुल्लिंगी आणि ‘नैया’ स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘सरका’ जाऊन ‘डोली’ आलं:

डगमग डगमग नैया डोली,
“मैं हूँ रानी,” चींटी बोली.

इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, तो बदल तिथे नेताच येत नाही. त्याऐवजी मी पुनरुक्तीचं काम दुसऱ्या शब्दाला दिलं. राणीचा शब्द एकाच ओळीत दोनदा घेतला, आवाज ‘स’वरून ‘ब’वर नेला, म्हणजे ओठ मिटतात आणि पाण्याचा बुडबुडा ऐकू येतो:

रॉक-अ-बॉब, रॉक-अ-बॉब, लीफ इज अ बोट,
अँट इज द क्वीन अँड द क्वीन इज अफ्लोट.

तपासणीसाठी मी एकच पद्धत वापरली. ज्याने गोष्ट आधी पाहिलेली नाही अशा मोठ्या माणसाला ती मुलांसमोर वाचायला द्यायची आणि आपण मागे गप्प बसायचं. वाचणारा जिथे अडखळतो तिथे खूण करायची, तो का अडखळला ते त्याने सांगायची गरज नसते. आणि मुलांकडे पाहायचं: पालुपद तिसऱ्यांदा येतं तेव्हा ती वाचणाऱ्याबरोबर बोलू लागली पाहिजेत. हिंदी वाचनात ती ‘सरसर’ म्हणू लागली, इंग्रजीत मात्र पाचव्या खेपेपर्यंत गप्प होती. आधी मला वाटलं ओळ कठीण आहे. मग लक्षात आलं, पानांच्या मांडणीत इंग्रजी पालुपद पान उलटल्याबरोबर अचानक समोर येत होतं. मराठी आणि हिंदीत त्याआधीच्या पानाच्या तळाशी ‘आला वारा...’ आणि ‘आई हवा...’ अशी तीन टिंबांची सूचना होती, ती इंग्रजीत जागेअभावी गळली होती. ‘हिअर कम्स द विंड...’ एवढे चार शब्द परत घातले.

पुढच्या वाचनात सहाव्या पालुपदापाशी काही मुलं सवयीने ‘स्विश’ म्हणाली, चित्रातलं पाणी पाहून थांबली, आणि वाचणाऱ्याचं ‘रॉक-अ-बॉब’ ऐकून दुसऱ्या वेळी स्वतःच म्हणाली.