पिनकोडवरून खर्च, परतावे आणि उशीर शोधताना या चुका टाळा

नागपुरात बसून देशभर पार्सलं पाठवणाऱ्या विक्रेत्याला कधी ना कधी वाटतंच, की काही पिनकोड बंद करून टाकावेत. मग तो तीन महिन्यांचा डेटा उतरवतो, पिव्होट टेबल लावतो, परत आलेल्या पार्सलांच्या टक्केवारीने यादी उतरत्या क्रमाने लावतो आणि वरचे पन्नास पिनकोड ब्लॉक करतो. पुढच्या तिमाहीत परतावे तेवढेच राहतात, विक्री मात्र घटते. असं का होतं ते एका उदाहरणातून पाहू.

समजा इतवारीतून सुती साड्या आणि ड्रेस मटेरियल विकणाऱ्या दुकानाने तीन महिन्यांत २,४०० पार्सलं पाठवली. त्यातली ३६० ग्राहकापर्यंत न पोहोचता परत आली, म्हणजे आरटीओ १५ टक्के. निम्मी पार्सलं सीओडी होती, त्यांत ३०० परत आली (२५ टक्के). उरलेली १,२०० प्रीपेड, त्यांत ६० (५ टक्के). पार्सलं गेली सुमारे १,१०० वेगवेगळ्या पिनकोडवर.

एका-दोन पार्सलांवरून पिनकोडला दोष देणं

सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं. २,४०० पार्सलं १,१०० पिनकोडवर पसरली की बहुतेक पिनकोडच्या वाट्याला एक-दोनच येतात. एक पाठवलं आणि तेच परत आलं, तर आरटीओ १०० टक्के. यादीच्या डोक्यावर असेच पिनकोड बसतात. ४० पैकी १४ परत आलेला, म्हणजे खरोखर पैसे खाणारा पिनकोड ३५ टक्क्यांनिशी कुठेतरी खाली दबून राहतो.

यावर साधा उपाय असा, की प्रत्येक पिनकोडच्या हिशेबात सरासरी वागणुकीची २० काल्पनिक पार्सलं मिसळायची. एक्सेलमध्ये E कॉलममध्ये एकूण पार्सलं आणि F मध्ये आरटीओ असतील तर:

```
=(F2+20*0.15)/(E2+20)
```

आता २ पैकी २ परत आलेला पिनकोड २२.७ टक्क्यांवर उतरतो आणि ४० पैकी १४ वाला २८.३ टक्क्यांवर, म्हणजे त्याच्या वर येतो. ३ पैकी एकही परत न आलेला पिनकोडही शून्यावर न राहता १३ टक्के दाखवतो. तीन पार्सलांवरून कुणाला शहाणं ठरवता येत नाही, तसं वेडंही ठरवता येत नाही.

तरीही निर्णय घ्यायला पूर्ण पिनकोड हा बहुधा फार लहान तुकडा पडतो. आधी पहिल्या तीन आकड्यांवर गट करा. `=LEFT(B2,3)` एवढं पुरतं. ४४० म्हणजे नागपूर शहर, ४४३ बुलढाणा, ४४४ अकोला-अमरावतीचा पट्टा, ४४५ यवतमाळ. गटात तीसेक पार्सलं नसतील तर त्याबद्दल मत बनवू नका.

विदर्भातल्या माणसाने इथे एक सावधगिरी बाळगावी. ४४२ मध्ये वर्धा (४४२००१) येतं आणि पार टोकाचं सिरोंचाही (४४२५०४) येतं. ४४१ मध्ये नागपूर ग्रामीण, भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरीसुद्धा येतं. अशा गटांत पार्सलं पुरेशी असतील तर जिल्ह्यानुसार पुन्हा फोड करावी. त्यासाठी टपाल खात्याची पिनकोड यादी वापरता येते, पण त्या यादीत एका पिनकोडच्या अनेक ओळी असतात, कारण अनेक टपाल कार्यालयांचा पिनकोड एकच असतो. ती यादी पॉवर क्वेरीत तशीच ऑर्डरशी जोडली की एका पार्सलाची पाच-सात पार्सलं होतात आणि बेरजा फुगतात. आधी प्रत्येक पिनकोडची एकच ओळ ठेवा. जोडल्यानंतर एकूण ओळी अजून २,४०० च आहेत ना, हे न चुकता तपासा.

सीओडीचा दोष गावावर टाकणं

आपल्या उदाहरणात ४४२ वर ६० पार्सलं गेली आणि १४ परत आली. म्हणजे २३.३ टक्के, सरासरी १५. पाहताक्षणी वाटतं, वर्धा-चंद्रपूर-गडचिरोलीचं गिऱ्हाईक पार्सल घेत नाही. पण त्या ६० पैकी ४५ सीओडी होती. दुकानाच्या एकूण दराने ४५ सीओडीतली ११.२५ आणि १५ प्रीपेडमधली ०.७५ मिळून १२ पार्सलं परत येणं अपेक्षितच होतं. आली १४. हा फरक योगायोगातही पडू शकतो. इथे पिनकोड ब्लॉक करून काहीच साधणार नाही, प्रीपेडवर थोडी सूट देऊन पाहणं जास्त कामाचं.

आता जबलपूरचा ४८२ पाहा. पार्सलं ८०, त्यातली ४८ सीओडी आणि ३२ प्रीपेड. अपेक्षित परतावे १३.६, प्रत्यक्षात २५. अपेक्षित आकड्यात सीओडी आधीच धरलेली आहे, तिच्याने एवढा फरक पडत नाही. C मध्ये सीओडी, D मध्ये प्रीपेड, G मध्ये प्रत्यक्ष आरटीओ ठेवून H मध्ये अपेक्षित आकडा काढा, आणि शेजारच्या कॉलममध्ये खूण करा:

```
=C2*0.25+D2*0.05
=IF(G2-H2>2*SQRT(H2),"तपासा","")
```

जादा परतावे अपेक्षित आकड्याच्या वर्गमुळाच्या दुपटीहून जास्त असतील तरच खूण उमटते. ४४२ साठी ती मर्यादा साधारण ६.९ आहे आणि जादा परतावे फक्त २. ४८२ साठी मर्यादा ७.४ आणि जादा ११.४. म्हणून शोध जबलपूरचा घ्यायचा.

तो घेताना पुढची फोड कुरिअरनुसार करा. समजा ८० पैकी दोन कुरिअर कंपन्यांनी ४०-४० नेली आणि दोघांकडेही सीओडी २४ च होती. दोघांचे अपेक्षित परतावे ६.८. एकीकडे परत आली ७, दुसरीकडे १८. म्हणजे जबलपूरचं गिऱ्हाईक ठीक आहे, दुसऱ्या कुरिअरची तिथली शेवटची डिलिव्हरी बिघडली आहे. त्या १८ पार्सलांचे एनडीआर शेरे, म्हणजे डिलिव्हरी का झाली नाही याच्या कुरिअरच्या नोंदी, आणि वेळा वाचा. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हा शेरा रात्री उशिरा, ओळीने अनेक पार्सलांवर एकाच मिनिटाला पडलेला दिसला, तर डिलिव्हरी बॉय दारापर्यंत गेलाच नसण्याची शक्यता मोठी. ‘ग्राहकाने नकार दिला’ असे शेरे जास्त असतील तर त्यातल्या काही ग्राहकांना स्वतः फोन करा. पार्सल आलंच नव्हतं असं त्यांनी सांगितलं, तर तो पुरावा तक्रारीला जोडता येतो.

खर्च रेट कार्डवरून धरणं

रेट कार्डावरचा दर अंदाजापुरता असतो. खरा खर्च अंतिम बिलात कळतो, कारण कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतं. आकारमानाचं वजन बहुधा लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये भागिले ५,००० असं निघतं. ३० × २५ × ८ चा साडीचा खोका १.२ किलो भरतो, आत साडी ६०० ग्रॅमची का असेना. ५०० ग्रॅमचे टप्पे असतील तर दीड किलोचे पैसे लागतात. हा जादा खर्च कुठल्याही पिनकोडचा नव्हे, खोक्याचा आहे. साड्या पिशवीत पाठवून तो घटतो.

परतीचं शुल्क पुष्कळदा वेगळ्या ओळीत किंवा पुढच्या बिलात येतं. सगळ्या ओळी एडब्ल्यूबी नंबरवर, म्हणजे पार्सलाच्या ट्रॅकिंग नंबरवर जुळवा. ग्राहकाने घेऊन मग परत केलेल्या मालाची गोष्ट आणखी फसवी आहे. त्या उलट्या पार्सलाचा ‘डिलिव्हरी पिनकोड’ म्हणून तुमचा स्वतःचाच नंबर, उदाहरणार्थ ४४०००२, नोंदलेला असतो. बेरीज त्या कॉलमवर केली तर देशभरच्या परताव्यांचा खर्च इतवारीच्या माथी बसतो आणि नागपूरच सर्वांत महाग दिसतं. उलट्या पार्सलांसाठी पिकअपचा पिनकोड घ्या, आणि ते आरटीओत मिसळू नका. आरटीओ हा डिलिव्हरीचा प्रश्न असतो, ग्राहकाचा परतावा बहुधा रंगाचा, मापाचा किंवा फोटोचा.

मग खर्च पाठवलेल्या पार्सलामागे न मोजता पोहोचलेल्या पार्सलामागे मोजा. एका भागात जाण्याचे ६५ रुपये, परतीचे ६० आणि १०० पैकी २५ परत: ६,५०० अधिक १,५०० भागिले ७५, म्हणजे १०६.६७ रुपये. दुसऱ्या, लांबच्या भागात जाण्याचे ८५, परतीचे ८०, परत फक्त ५: ८,५०० अधिक ४०० भागिले ९५, म्हणजे ९३.६८. स्वस्त वाटणारा भागच महाग निघाला. जीएसटी धरायचा की वगळायचा ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तसंच ठेवा.

अंतरावरून दराचा अंदाज बांधू नका. पुष्कळ रेट कार्डांत झोन राज्याच्या सीमेवरून ठरतो. त्यामुळे नागपूरहून सातशे किलोमीटरवरचं पुणं राज्यांतर्गत दरात बसू शकतं आणि जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरचं छिंदवाडा बाहेरच्या झोनमध्ये जातं.

उशीर चुकीच्या तारखेपासून मोजणं

ऑर्डरच्या तारखेपासून दिवस मोजले तर तुमच्या पॅकिंगचा उशीरही गावाच्या नावावर चढतो. पहिल्या पिकअप स्कॅनपासून पहिल्या डिलिव्हरी प्रयत्नापर्यंत मोजा. सरासरीऐवजी मध्यक आणि ९० टक्के पार्सलं किती दिवसांत पोहोचली ते पाहा: `=PERCENTILE.INC(K2:K61,0.9)`. मध्यक ३ दिवस आणि ९० टक्क्यांचा आकडा ११ असेल, तर मार्ग ठीक आहे, काही पार्सलं कुठेतरी अडकतात. दोन्ही आकडे मोठे असतील तर मार्गच लांबचा आहे.

अडकणाऱ्या पार्सलांत पत्ता आणि पिनकोड जुळतो का ते आधी बघा. ग्राहकाने ४४००१० ऐवजी ४४४०१० लिहिलं की नागपूरचं पार्सल अकोल्याच्या दिशेने जातं, आणि उशीर अकोल्याच्या खात्यात पडतो. पिनकोडमधल्या मोकळ्या जागाही काढून घ्या, नाहीतर `440 010` आणि `440010` हे दोन वेगळे पिनकोड मोजले जातात:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2," ",""),CHAR(160),"")
```

महिन्याप्रमाणेही पाहावं लागतं. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. जुलै-ऑगस्टच्या आकड्यांवरून तो पिनकोड वर्षभरासाठी बंद करणं त्या ग्राहकांवर अन्याय आहे. त्या दोन महिन्यांपुरती डिलिव्हरीची तारीख लांबची दाखवली तरी भागतं.

शेवटचे ३० दिवस मात्र हिशेबातून वगळा. पोहोचलेलं पार्सल आठवड्यात बंद होतं, परत येणारं तीन-चार आठवडे वाटेतच असतं. म्हणून ताज्या महिन्याचा आरटीओ नेहमी कमी दिसतो, आणि उपाय लागू पडला असा गैरसमज होतो. जबलपूरला कुरिअर बदललं असेल तर नव्या कुरिअरची किमान ४० पार्सलं पूर्ण बंद होऊ द्या, त्यांत सीओडी किती होती ते मोजा, आणि मगच अपेक्षित आकड्याशी ताडून पाहा. तेव्हाही खूण उमटली, तर त्या गटात सीओडीसाठी थोडी रक्कम आगाऊ घ्या. पिनकोड ब्लॉक करण्याचा विचार त्यानंतरचा.