हयातीचा दाखला: नोव्हेंबर उजाडण्याआधी काय जमवून ठेवावं

केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी हयातीचा दाखला 1 ते 30 नोव्हेंबर या महिन्यात द्यायचा असतो. वय 80 किंवा जास्त असेल, तर 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि ऑक्टोबरात दिला म्हणून त्याची मुदत लवकर संपत नाही. तोही पुढच्या वर्षीच्या 30 नोव्हेंबरपर्यंत चालतो. खासगी नोकरीतून भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे ईपीएस-95 ची पेन्शन घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांना वर्षात केव्हाही दाखला देता येतो आणि तो दिल्या दिवसापासून 12 महिने चालतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे आपली पेन्शन कोणाकडून येते हे नक्की करणं. शेजाऱ्यांनी नोव्हेंबरात दिला म्हणून आपणही नोव्हेंबरातच द्यायचा, असं नसतं.

आता घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो, म्हणून लोक थेट ॲप उघडतात. मी म्हणेन, आधी कागद काढा. लागतो तो आधार क्रमांक, आधारला जोडलेला आणि चालू असलेला मोबाइल, पीपीओ क्रमांक, आणि पेन्शन जमा होते त्या खात्याचं ताजं पासबुक. पीपीओ म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेला पेन्शनचा आदेश. तो सापडत नसेल, तर बँकेच्या पेन्शन स्लिपवर क्रमांक मिळतो. पासबुक ताजं हवं असं म्हणतो, कारण कित्येक बँका एकमेकींत विलीन झाल्या. देना बँक आणि विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. जुन्या कागदावर देना बँकेचं नाव असलं तरी पेन्शन देणारी बँक म्हणून आज ती निवडून चालणार नाही.

कागद हाती आले की एक प्रश्न विचारा: पेन्शन एक आहे की दोन? बऱ्याच घरांत गाडी इथेच अडते. माझ्या मावशीचंच घ्या. ती टपाल खात्यातून निवृत्त झाली, तिची स्वतःची पेन्शन बँकेत येते. काका रेल्वेत होते. ते गेल्यावर त्यांची कुटुंब पेन्शनही तिला मिळते, त्याच खात्यात. माणूस एक, आधार एक, खातं एक, म्हणून दाखलाही एकच पुरेल असं वाटतं. पण दाखला माणसाचा असला, तरी नोंद होते ती पीपीओवर. पीपीओ दोन, तर दाखले दोन. एकच काढला, तर एक पेन्शन येत राहते आणि दुसरी गुपचूप थांबते, आणि खात्यात काही ना काही जमा होत असल्यामुळे ते पटकन ध्यानातही येत नाही.

म्हणून मावशीसाठी कागदावर दोन रकाने करायचे. पहिल्यात तिचा स्वतःचा पीपीओ, पेन्शनचा प्रकार ‘सेवा’ आणि मंजूर करणारं खातं टपाल. दुसऱ्यात काकांचा पीपीओ, प्रकार ‘कुटुंब’, मंजूर करणारं खातं रेल्वे. दोन्हींच्या खाली पेन्शन देणारी संस्था म्हणून तिची बँक आणि खाते क्रमांक. कुटुंब पेन्शन बहुधा मूळ पीपीओच्याच क्रमांकावर चालते, त्यामुळे तिथे क्रमांक काकांच्या कागदावरचा आणि नाव मावशीचं येतं. ते पाहून भरणारा गोंधळतो आणि ‘सेवा’ निवडून मोकळा होतो. मग बँकेच्या नोंदीशी ते जुळत नाही. ॲपमध्ये ही निवड बोटाच्या एका टिचकीवर असते, म्हणूनच आधी शाईने लिहून ठेवलेलं बरं.

मोबाइलवर दोन ॲप हवीत: चेहरा ओळखणारं AadhaarFaceRD आणि दाखला तयार करणारं Jeevan Pramaan. दोन्ही सरकारी आहेत, फुकट आहेत. सुरुवातीला ॲप ‘ऑपरेटर’ची नोंद मागतं. हा ऑपरेटर म्हणजे मोबाइल हाताळणारा माणूस. तो मुलगा, भाची, कोणीही चालतो, पेन्शनर स्वतःही चालतो. त्याचा आधार, मोबाइल, ईमेल आणि चेहरा एकदा नोंदवला की त्याच फोनवरून घरातल्या आजी-आजोबा सगळ्यांचे दाखले निघतात. त्यानंतर पेन्शनरचा आधार आणि मोबाइल, त्यावर आलेला ओटीपी, रकान्यातली माहिती, आणि शेवटी चेहरा.

चेहऱ्यासाठी खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको. चष्मा काढा. ॲप पापण्या मिटायला सांगतं तेव्हा म्हातारी माणसं डोळे घट्ट मिटून बसतात. सहज उघडझाप करायची हे आधी समजावून सांगा. एवढं करूनही चेहरा जुळला नाही, तर दोन गोष्टी पाहा. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद केलेलं असेल, तर ते उघडल्याशिवाय काही होणार नाही. आणि आधारवरचा फोटो फार जुना असेल, तर आधार केंद्रात नवा काढावा लागेल. हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर धावपळ होते, म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच बसावं.

फॉर्ममध्ये पुन्हा नोकरी केली का, पुनर्विवाह झाला का, असेही प्रश्न येतात. यातलं काहीही ‘हो’ असेल, तर डिजिटल दाखल्याचा मार्ग बंद. कागदी दाखला घेऊन बँकेतच जावं लागतं. ज्यांना मोबाइलचं जमत नाही, त्यांना पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत डिजिटल दाखला काढून देतो. ही सेवा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची आहे आणि खातं दुसऱ्या बँकेत असलं तरी मिळते. मात्र ‘दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो ठेवून द्यायचा. नुसत्या फोनवरच्या बोलण्यातून दाखला होत नाही.

सगळं नीट झालं की प्रमाण आयडीचा संदेश येतो. इथे बहुतेक जण हुश्श करतात, पण मला तरी हे काम इथे अर्धंच झालेलं वाटतं. तो आयडी म्हणजे दाखला तयार होऊन पुढे गेला, एवढंच. तो स्वीकारायचा की नाकारायचा हे पेन्शन देणारी संस्था ठरवते, आणि पीपीओ किंवा खाते क्रमांकात चूक असेल तर नाकारते. मावशीचे दोन दाखले, म्हणजे दोन वेगळे आयडी. दोन्ही आपापल्या रकान्याखाली लिहून ठेवा. काही दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर आयडी आणि ओटीपी टाकून दाखला उतरवून घ्या, आणि बँकेत फोन करून दोन्ही पीपीओंवर नोंद पडली का ते विचारा. नाकारला असेल, तर चूक काय ते बँकेकडून समजून घेऊन नवा दाखला काढायचा. जुना दुरुस्त होत नाही. गेल्या वर्षीचा आयडीही यंदा उपयोगाचा नाही.

आणि नोव्हेंबर हातचा गेलाच तर? नोव्हेंबरची पेन्शन त्या महिन्याअखेर आलेली असते, अडते ती डिसेंबरची, म्हणजे कळायला जानेवारी उजाडतो. दाखला दिल्यावर पेन्शन पुन्हा सुरू होते आणि थकलेली रक्कमही मिळते. खंड तीन वर्षांहून मोठा झाला, तर मात्र बँक आपल्या पातळीवर ती सुरू करू शकत नाही, वरून मंजुरी आणावी लागते. तेव्हा जानेवारीत पासबुक भरून आणाल, तेव्हा नुसती शिल्लक पाहू नका. दोन पेन्शनच्या दोन नोंदी मोजा.