परदेशातून परतल्यावर कामाच्या जुन्या ओळखी जागवताना या चुका टाळा

अकरा वर्षांनी मी माझ्या शहरात परतले तेव्हा फोनमध्ये इथल्या कामाच्या ओळखीची ६३ नावं होती. माझं काम इमारतींच्या अग्निसुरक्षेची आखणी करण्याचं. स्प्रिंकलरच्या पाइपांचे नकाशे, पंपांचा आणि पाण्याच्या दाबाचा हिशोब, धूर बाहेर काढण्याची सोय, असं सगळं. हे काम मालकाकडून थेट क्वचितच येतं. आर्किटेक्ट, काँट्रॅक्टर किंवा मंजुरीची कागदपत्रं बघणारा कुणीतरी ‘हिला विचारा’ म्हणतो, तेव्हा ते येतं. त्यामुळे ६३ नावं म्हणजे मला भरलेली तिजोरीच वाटली होती. पहिल्या दोन महिन्यांत तिच्यातलं बरंच मी उधळलं. कसं, ते सांगते.

एकच निरोप सगळ्यांना

विमानतळावरून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना एकच मेसेज धाडला: ‘मी कायमची परत आले आहे, काही काम असेल तर नक्की कळवा.’ संध्याकाळपर्यंत ३० जणांचे ‘वा! स्वागत!’ आले, अंगठे आले, फुलं आली. महिनाभरात काम मात्र शून्य.

दोष त्या लोकांचा नव्हता. ‘काही काम असेल तर’ याला उत्तर द्यायचं म्हणजे समोरच्याने आधी तुमचं आजचं कौशल्य ओळखायचं, मग आपल्याकडची कामं आठवायची, आणि त्यातलं एक तुमच्या नावावर लावायची जोखीम घ्यायची. एवढं कोण करणार? अभिनंदन करून मोकळं होणं सोपं. शिवाय ‘परत आलोय’ ही बातमी एकदाच देता येते. ती अशी खर्च झाली की दुसऱ्यांदा लिहायला निमित्त राहत नाही.

उपाय म्हणजे एका वेळी एकाच माणसाला, त्याला दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा एक प्रश्न विचारायचा. नंतर मी एका जुन्या आर्किटेक्टना असं लिहिलं:

‘सर, नमस्कार. रुग्णालयाच्या त्या इमारतीवर आपण बरोबर होतो. तळघरातल्या पंपरूमचा नकाशा तुम्ही माझ्याकडून तीनदा बदलून घेतला होता. मी मार्चपासून कायमची इथे आहे, काम तेच करते. एक विचारायचं होतं. हल्ली स्प्रिंकलरची आखणी प्लॅन मंजूर होण्याआधी करून घेतात की नंतर? दोन ओळींत सांगितलंत तरी पुरे.’

यात काम मागितलेलंच नाही. फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक असलेली एक आठवण आहे, मी आता कुठे आहे ते आहे, आणि त्यांना सहज माहीत असलेली गोष्ट विचारली आहे. उत्तर त्याच रात्री आलं, आणि दोन ओळींचं नव्हे: ‘हल्ली प्लंबिंगचा काँट्रॅक्टरच आखणी करून टाकतो. मंजुरीत अडकलं की मगच कन्सल्टंट शोधतात.’ मला माझा धंदा इथे कुठल्या दाराने येतो ते या एका वाक्यातून कळलं. मी आर्किटेक्टांची दारं ठोठावत बसले होते, आणि गरज होती मंजुरीत अडकलेल्या काँट्रॅक्टरांना.

इतक्या वर्षांनी लिहिलं तर समोरच्याला विचित्र वाटेल, ही भीती मलाही होती. लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निघन या संशोधकांनी २०११ मध्ये याच प्रश्नावर लिहिलं. त्यांनी नोकरीतल्या अधिकाऱ्यांना किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या ओळखींकडून चालू कामाबद्दल सल्ला घ्यायला लावला. तो सल्ला रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याइतका उपयोगी होता आणि त्यात नवं जास्त होतं. कारण समजायला सोपं आहे. मधल्या वर्षांत ती माणसं वेगळ्या वाटेने गेलेली असतात आणि जुना विश्वास मात्र टिकून असतो.

यादी निघाल्या दिवसावर थांबलेली

समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ स्वतः युरोप सोडून १९३९ मध्ये अमेरिकेत गेले होते. १९४५ मध्ये त्यांनी घरी परतणाऱ्या माणसावर लिहिलं, तेव्हा डोळ्यांसमोर युद्धावरून परतणारे सैनिक होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: परक्या गावात शिरणाऱ्याला आपल्याला काही माहीत नाही हे माहीत असतं. परतणाऱ्याला मात्र सगळं माहीत आहे असं वाटतं, आणि तिथेच तो फसतो.

मी अशीच फसले. एका ज्येष्ठांना मी त्यांच्या जुन्या कंपनीचा कौतुकाने उल्लेख करून लिहिलं. ते चार वर्षांपूर्वी तिथून भांडून बाहेर पडले होते. त्यांचं उत्तर आलं नाही, ते आजतागायत.

म्हणून यादी आधी ताजी करा. कागदावर चार रकाने पुरतात: नाव, तेव्हा काय करत होते, आज काय करतात, आणि आपण शेवटचं कसं वेगळे झालो. तिसरा रकाना भरायला कंपनीची वेबसाइट, लिंक्डइनवरची माहिती आणि गरज पडली तर एखाद्या समान ओळखीला फोन. एका नावाला दहा मिनिटं लागतात. चौथा रकाना लोक टाळतात, पण कुणाला आधी लिहायचं ते तोच ठरवतो. जाताना ज्याचं काम अर्धवट सोडलं, त्याला प्रश्न विचारण्याआधी त्या गोष्टीची कबुली द्यावी लागते.

माझ्या ६३ पैकी दोघं वारले होते, ९ निवृत्त झाले होते, १४ जणांनी शहर सोडलं होतं आणि ११ जणांनी धंदा बदलला होता. उरले २७. निवृत्तांना मी सुरुवातीला खोडून टाकलं, आणि ही माझी सगळ्यांत महागाची चूक. त्यांच्याकडे वेळ असतो, कुणाशी स्पर्धा नसते, आणि कोण कुणाच्या हाताखाली तयार झालं ते त्यांना तोंडपाठ असतं. मंजुरीत अडकलेली कामं कोणत्या काँट्रॅक्टरांकडे आहेत, ते मला पंपांचा व्यापार सोडून घरी बसलेल्या एका काकांनी सांगितलं. चार नावं, एका चहात.

एक भाषेची अडचणही इथेच येते. तेव्हा ज्याला अरे-तुरे करत होतो तो आता विभागप्रमुख असतो. मी लेखी निरोपात ‘तुम्ही’ लिहिते. तो ‘अगं, तुम्ही काय?’ म्हणाला की खुशाल जुन्यावर यायचं. उलट क्रम फार अवघड जातो.

फक्त जिवलगांवर भिस्त

जवळचे मित्र पहिल्याच आठवड्यात भेटतात, ओझं वाटून घेतात, आणि कामाचं म्हणाल तर तुम्हाला माहीत असलेलंच सांगतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये छापलेल्या अभ्यासात बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्या ओळखीतून नोकरी कळली ती व्यक्ती तेव्हा किती वेळा भेटत होती. वारंवार म्हणणारे साधारण १७ टक्के, अधूनमधून म्हणणारे ५६ आणि क्वचित म्हणणारे २८. उत्तर देणारे ५४च होते, तेव्हा आकडे फार ताणू नयेत. पण माझा अनुभव तसाच आहे. यादीत ज्यांची तेव्हा अधूनमधून गाठ पडायची, ती नावं आधी घ्या.

‘किती दिवस आहेस?’ हा प्रश्न हलका समजणं

पहिल्या भेटीत हा प्रश्न हमखास येतो आणि आपण हसून ‘बघू या’ म्हणतो. तिथे भेट संपलेली असते, आपल्याला कळत नाही इतकंच. कारण शिफारस करणारा स्वतःचं नाव पणाला लावतो. तुम्ही सहा महिन्यांत पुन्हा उडून गेलात तर अर्धवट कामाचा जाब त्याला द्यावा लागतो.

त्यामुळे या प्रश्नाला पुराव्याचं उत्तर द्या: अमुक महिन्यापासून घर घेतलंय, मुलांची शाळा सुरू झाली, तिकडची नोकरी अमुक तारखेला सोडली. खरं असेल तेवढंच. वर्षभरच राहणार असाल तर तसं सांगा, त्या मापाचं काम मिळतं.

तुमचं तोंड एक बोलतं आणि फोन दुसरंच, असंही होतं. मी तीन महिने परदेशी नंबरच वापरत होते. समोरच्याच्या पडद्यावर परक्या देशाचा कोड दिसायचा आणि लोक फोन करायचं टाळायचे. लिंक्डइनवरही ठिकाण जुनंच होतं. माणसं शोधणारे बहुतेक वेळा शहर निवडून शोधतात, त्यामुळे मी त्यांच्या यादीत येतच नव्हते. नंबर आणि ठिकाण पहिला निरोप धाडण्याआधी बदला.

भेटीत ‘तिकडे असं असतं’

समोरच्याची उत्तरं ‘हं’, ‘बरोबर’ अशी आखूड व्हायला लागली की समजा, तुम्ही तुलना करताय. तिकडचं ज्ञान निरुपयोगी नाही, पण ते विचारल्याशिवाय काढू नका आणि काढाल तेव्हा त्याच्या अडलेल्या कामाला लावून काढा. एका काँट्रॅक्टरच्या फायलीत पाण्याच्या दाबाचा हिशोब सर्वांत जवळच्या स्प्रिंकलरपाशी केला होता. तो पाण्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीच्या, बहुधा सर्वांत लांबच्या, भागासाठी करायचा असतो. मी तेवढंच दाखवलं. कुठल्या देशात शिकले ते त्याने विचारलंही नाही, आणि पुढची फाइल माझ्याकडे आली.

अडलंय कुठे, ते कसं ओळखायचं

उत्तरं गोड येतात पण भेट ठरत नाही, तर तुमचा प्रश्न फार मोठा आहे. भेटी होतात पण त्यातून एकही नवं नाव निघत नाही, तर बहुधा ‘किती दिवस’ची शंका फिटलेली नाही. नावं मिळतात, पण एकाच माणसाकडून दुसऱ्यांदा मिळत नाहीत, तर तुम्ही त्याला पहिल्या नावाचं पुढे काय झालं ते कळवलेलं नाही. त्या काकांना मी चारही फोनांचं काय झालं ते आठवड्याभरात सांगितलं, अगदी ज्याने नाही म्हटलं त्याचंही. त्यांनी आणखी दोन नावं दिली.

आणि काही ठिकाणी ओळख चालतच नाही. तुमच्या व्यवसायाला नोंदणी किंवा परवाना लागत असेल आणि तो मधल्या काळात संपला असेल, तर आधी तो. नाहीतर मदत करू पाहणाऱ्यालाच अडचणीत टाकाल.

उत्तरच आलं नाही, तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्यायची, तीही नव्या प्रश्नासह, आणि मग सोडून द्यायचं. एका बाईंना मी दोनदा लिहून गप्प बसले होते. सात महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्यांनी नमस्कारही न करता विचारलं, ‘इथलाच नंबर आहे ना हा? मग आहेस तर. उद्या साइटवर ये.’