२,४०० शब्दांचा प्रस्ताव १,५०० वर आणताना

प्रस्ताव जालना जिल्ह्यातल्या ४० विहिरींच्या पुनर्भरणाचा. कात्री लावण्याआधी वेगळ्या कागदावर चार रकाने आखले: उद्दिष्ट, काम, संख्या, रक्कम. या ओळींना हात लावायचा नाही, बाकी सगळं कापायला मोकळं.

सगळ्यात जास्त शब्द पार्श्वभूमीतून निघाले. प्रस्ताव तपासणाऱ्याला मराठवाड्यातला दुष्काळ ठाऊक असतो. त्याला हव्या असतात याच गावांतल्या विहिरी कोणत्या महिन्यात आटतात ते सांगणाऱ्या दोन ओळी. ५०० शब्दांचे ८० झाले.

मग क्रियापदं. ‘कामाची गुणवत्ता राखण्याच्या दृष्टीने दोन समन्वयकांची नेमणूक करण्यात येणार आहे’ हे दहा शब्द संख्येचं कारणच सांगत नव्हते. त्याजागी: ‘दोन समन्वयक, प्रत्येकी २० विहिरी, १० महिने.’ शब्द सात, आणि अंदाजपत्रकातले २ × १० × १५,००० = ३,००,००० रुपये आपोआप पटतात.

खरा घोटाळा होतो तो वेगळाच. मजकुरातून शेतकरी प्रशिक्षणाचा परिच्छेद उडतो, पण अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचे ६०,००० तसेच राहतात. तपासणारा नेमकं तिथंच बोट ठेवतो. म्हणून शेवटी उलटं वाचायचं: अंदाजपत्रकाची एकेक ओळ घेऊन मजकुरात तिचं काम शोधायचं. सापडलं नाही तर एक वाक्य परत घालायचं, नाहीतर रक्कमही काढायची.

शब्दमोजणी फॉर्ममध्ये चिकटवूनच करा. मोकळी जागा सोडून लिहिलेलं गुणाकाराचं चिन्हसुद्धा बऱ्याच ठिकाणी एक शब्द धरलं जातं.