अबॅकसचा वर्ग सुरू करताय? आधी आकडे कसे बोलणार ते ठरवा

जागा, सतरंजी, फळा, उजेड, पिण्याचं पाणी यावर काही लिहीत नाही, ते तुम्हाला कळतंच. मुलांच्या अबॅकसच्या दांड्या किती असाव्यात यावरही डोकं शिणवू नका, पहिली दोन वर्षं तेरा पुरतात. शिक्षकाचा मोठा उभा अबॅकस मात्र घ्या आणि त्याचे मणी घसरत नाहीत ना ते दुकानातच बघा. लहानांसाठी वैदिक गणित की अबॅकस असं कुणी विचारलं तर दुसरी-तिसरीला अबॅकसच सांगा. ९८ गुणिले ९७ निखिलम् पद्धतीने करायचं म्हणजे शंभराला किती कमी ते बघायचं, २ आणि ३. मग ९८ मधून ३ गेले ९५, दोन त्रिक ०६, उत्तर ९५०६. छान आहे, पण त्या ०६ मधलं शून्य का लिहायचं हे कळायला स्थानिक किंमत आणि पाढे पक्के लागतात. चौथीनंतर बघा.

आता मुद्द्याचं. वर्गात आकडे तोंडी सांगताना ते कसे बोलायचे हे पहिल्या दिवसाआधी ठरवून कागदावर लिहा. मागच्या वेळी बाकी सगळं केलं, हे राहिलं, आणि जवळपास अख्खी बॅच मनातल्या हिशेबाला येऊन अडकली. म्हणून परत सांगतो: आकडे कसे बोलायचे ते आधी ठरवा.

मराठीत आपण सत्तेचाळीस म्हणतो. सात आधी ऐकू येतो, चाळीस नंतर. अबॅकसवर हात जातो डावीकडून, दशकाच्या दांडीवर आधी, एककावर नंतर. समजा सत्तेचाळीस अधिक पस्तीस सांगितलं. नीट करणारं मूल ४७ मांडतं, मग तीस मिळवायला दशकावर जातं. तिथे खालचे चारही मणी वर गेलेले असतात, म्हणून स्मॉल फ्रेंड, म्हणजे पाचाची जोडी, वापरून वरचा पाचाचा मणी खाली आणतं आणि खालचे दोन काढतं, दशकावर सात. मग एककावर पाच मिळवायचे. तिथला पाचाचा मणी आधीच लागलेला, म्हणून तो काढून दशकावर एक चढवायचा. ८२. आता ज्याच्या कानात ‘पस्’ आधी शिरलं ते मूल पाच आधी मिळवतं, दशकावर एक चढवायला स्मॉल फ्रेंड करतं, ५२ वर येतं, मग तीस मिळवतं. उत्तर? तेही ८२!

इथेच गोची आहे. उत्तर बरोबर येतं, आपण वहीवर टिक मारतो आणि पुढे जातो. मणी हातात असेपर्यंत काही बिघडत नाही. पण डोळे मिटून मनातला अबॅकस हलवायची वेळ आली की ज्या मुलाचा हात एकक-दशक-एकक असा उड्या मारत शिकलाय त्याचं चित्र दोन-तीन ओळींत फुटतं. दोनशे सत्तेचाळीस ऐकलं की शतक, मग एकक, मग मागे दशक. एकोणचाळीसला तर चाळीस ऐकून दशकावर सरळ चार मणी जातात. म्हणून उत्तर तपासू नका, बोट बघा. दोन अंकी आकडा सांगितल्यावर बोट आधी कुठल्या दांडीवर टेकतं? एककावर टेकलं तर तिथेच थांबवा, उत्तर काहीही येवो.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. शाळेपुरतं त्यावर काय वाद घालायचा तो घाला, अबॅकसच्या वर्गात ते कामाचं आहे. मी आता असं करतो: दोन अंकी बेरजा सुरू झाल्या की ‘चाळीस सात, अधिक तीस पाच’ असंच बोलायचं. रोज पाच मिनिटं अबॅकस बाजूला ठेवून मी सत्तेचाळीस म्हणतो, मुलं चाळीस सात म्हणतात. हे झटपट यायला लागलं की मग नेहमीचे शब्द, पण पूर्ण आकडा ऐकल्याशिवाय बोट हलवायचं नाही. कायम ‘चाळीस सात’वर राहू नका, बाजारात आणि शाळेत कुणी तसं बोलत नाही. तुम्ही वेगळी पद्धत काढा हवं तर, पण एकच काढा आणि आधी काढा.

प्रशिक्षणाचंही तेच. संस्थेचं प्रशिक्षण घेताना पुस्तकातली गणितं सोडवून प्रमाणपत्र मिळतं, तोंडी सांगायचा सराव फार कमी होतो. तो मागून घ्या. घरी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, ‘अधिक’ आणि ‘वजा’ नंतर तुम्ही थांबता की आकडा गिळता ते कळेल. शिकवणार त्याच्या दोन लेव्हल पुढे तुमचा स्वतःचा हात चालला पाहिजे. अंगठा फक्त खालचे मणी वर सरकवायला, बाकी सगळं तर्जनीने. इथे ढिलाई केली तर मुलं एकाच बोटाने सगळं करतात आणि ती सवय सुटता सुटत नाही. मदतनीस ठेवलात तर तिलाही आकडे बोलायचा तोच कागद द्या.

बॅच इयत्तेवर पाडू नका, हात कुठे पोचलाय त्यावर पाडा. दहा-बारा मुलं पुष्कळ झाली, त्याहून जास्त असली की बोटं दिसत नाहीत, आणि बोटं बघणं हेच काम आहे. आठवड्यातून दोनदा तास-तासभर बरं, रविवारी सलग दोन तासांत दुसरीतली मुलं दुसऱ्या तासाला अबॅकसची गाडी करून फिरवतात. मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं एकत्र असली तरी तोंडी गणितं वेगळी घ्या. ‘फॉर्टी सेव्हन’ ऐकणाऱ्याला हा त्रास नाहीच, तो पुढे पळतो आणि मराठीवाला स्वतःला ढ समजायला लागतो. स्मॉल फ्रेंड पक्के झाल्याशिवाय दहाच्या जोड्यांना हात लावू नका. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या धरूनच वेळापत्रक करा.

पालकांची बैठक वर्ग सुरू होण्याआधी घ्या, आणि त्यांच्याही हातात अबॅकस द्या. त्यांना सांगायचं ते थोडंच. शाळेच्या पेपरात मूल हातचा घेऊन उजवीकडूनच बेरीज मांडेल, ती पद्धत सोडायची नाही. मार्क वाढण्याचं वचन देऊ नका. आणि मुख्य म्हणजे घरी गणितं कोण सांगणार ते विचारा. बहुतेक घरांत आजी-आजोबा सांगतात, आणि ते सत्तेचाळीसच म्हणणार. ‘आजोबा, सध्या चाळीस सात म्हणा’ हे तोंडावर सांगायला संकोच वाटतो, म्हणून मी रोजची दहा गणितं आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतो. आजोबांनी फक्त बोटाकडे बघायचं.

फी महिन्याच्या सुरुवातीला. ग्रुपवर फक्त तुम्हीच लिहू शकाल असं करा. गैरहजर मुलाला त्याच आठवड्यात अर्धा तास जास्तीचा. वह्या, जास्तीचे दोन अबॅकस, हजेरी. लेव्हलच्या परीक्षेला बाहेरचं कुणी आकडे सांगायला येणार असेल, तर ते कसे सांगणार हे त्यांना आदल्या आठवड्यात फोन करून विचारा.