१५०० मीटरची सरासरी काढताना पहिली नोंद वेगळी धरा

इंदूरच्या चिमणबाग मैदानावर १५०० मीटरची तयारी करणाऱ्या नव्या मुलांना फेऱ्यांची वेळ नोंदवता येते. अडचण येते ती सरासरीत. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ही शर्यत पावणेचार फेऱ्यांची असते. त्यामुळे अंतिम रेषेवर पहिल्यांदा बटण दाबले जाते तेव्हा केवळ ३०० मीटर झालेले असतात आणि पुढच्या तीन नोंदी मात्र पूर्ण फेऱ्यांच्या असतात.

समजा, एका मुलाच्या नोंदी ५७, ७६, ७६, ७६ सेकंद अशा आहेत आणि दुसऱ्याच्या ५१, ७३, ८०, ८१. दोघांचीही एकूण वेळ २८५ सेकंद, म्हणजे ४ मिनिटे ४५ सेकंद. या बेरजेला चाराने भागले की ७१.२५ येते, आणि हा आकडा निव्वळ खोटा आहे, कारण त्यात पाऊण फेरी पूर्ण फेरी म्हणून मोजली गेली आहे. भागायचे ते ३.७५ ने, मग फेरीमागे ७६ सेकंद मिळतात. माझ्या सुरुवातीच्या काळात वेळ घेणाऱ्यांनी याच चुकीच्या भागाकारातून मला ‘फेरीला ७१’ हे लक्ष्य दिले होते, आणि तिसऱ्या फेरीत पाय उचलेनासे झाले की मी स्वतःच्या दमाला दोष देत असे. तो त्रास अजून आठवतो, म्हणून सांगतो: लक्ष्य कोणीही दिले तरी भागाकार स्वतः करून पाहा.

सरासरी बरोबर आली तरी शर्यत कशी धावली गेली, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी पहिल्या नोंदीला ४ ने गुणून ३ ने भागा. पहिल्या मुलाचे ५७ म्हणजे फेरीला ७६, अगदी सम गती. दुसऱ्याचे ५१ म्हणजे फेरीला ६८. पहिल्या दोन टप्प्यांत त्याने सरासरीपेक्षा ९ सेकंद कमावले आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत ते सगळे परत दिले. जोरदार सुरुवातीमुळे स्नायूंची ऑक्सिजनची गरज पुरवठ्याच्या फार पुढे जाते आणि त्याची भरपाई धावता धावता होत नाही. ‘आधी वेळ कमावून ठेव’ हा सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो.

मात्र एखादा आकडा वेगळा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. बटण अर्धा सेकंद उशिरा दाबले गेले, तर ती फेरी तेवढी लांबते आणि पुढची तेवढीच आखडते. दोन्हींची बेरीज बदलत नाही. खरा थकवा असेल तर वाढलेली वेळ पुढच्या फेरीत भरून निघत नाही, जसे वरच्या ८० आणि ८१ मध्ये दिसते.

त्या दुसऱ्या मुलाने पुढच्या वेळी पहिले ३०० मीटर ५६ ते ५७ सेकंदांत धावावेत आणि एकूण वेळेआधी तिसरी पूर्ण फेरी ८१ वरून किती खाली आली ते पाहावे.