उत्पन्नाची सरासरी फसवी वाटली तर

उत्पन्नाच्या आकड्यांत एखादा धनाढ्य असला की मध्य, म्हणजेच सरासरी, फुगतो. सात जणांचे मासिक उत्पन्न (हजारांत) असे धरा: 12, 14, 14, 16, 18, 22, 142. मध्य येतो 34, पण सातपैकी सहा जण त्याच्या खालीच!

1. आकडे चढत्या क्रमाने लावा, मधला उचला. मध्यक 16.
2. मध्य मध्यकापेक्षा बराच मोठा असेल, तर उत्तरात मध्यक द्या आणि हे कारण एका ओळीत लिहा.
3. बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेला आकडा, 14 आहे, पण तो केवळ दोघांच्या जुळण्यावर उभा. इथे सोडून द्या.

मात्र प्रश्नात एकूण उत्पन्न काढायचे असेल, तर मध्यच लागतो: 34 × 7 = 238. मध्यकाने गुणलेत तर 112 येतील, म्हणजे निम्म्याहूनही कमी.